आरोग्य विमा पॉलिसी दुसऱ्या कंपनीत पोर्ट करताना काय सोबत येते आणि काय मागे राहते

प्रश्न : मी गुहागरला राहतो, वय ५२. जून २०१८ पासून माझी ५ लाखांची फ्लोटर पॉलिसी आहे. एकही क्लेम नसल्याने २.५ लाखांचा बोनस साठला आहे. पत्नीचे नाव जून २०२४ मध्ये घातले, तिला आधीपासून रक्तदाबाचा त्रास आहे आणि तो तेव्हा कळवला होता. मला तीन वर्षांपूर्वी मधुमेह निघाला. हप्ता फार वाढल्यामुळे २० जून २०२६ च्या नूतनीकरणाला दुसऱ्या कंपनीची १० लाखांची पॉलिसी घ्यावी असे वाटते. तिथला एजंट म्हणतो, "पोर्ट केले की सगळे फायदे जसेच्या तसे येतात." हे खरे आहे का?

उत्तर :

एजंटचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागाची किंमत पुढे एखाद्या मोठ्या बिलाच्या वेळी कळते. पोर्ट करताना तुमच्यासोबत येतो तो तुम्ही पूर्ण केलेला प्रतीक्षा काळ, म्हणजे ठरावीक आजारांचा क्लेम मिळू लागण्यापूर्वी थांबावा लागणारा काळ. हा काळ दोन गोष्टींना बांधलेला असतो : ज्या व्यक्तीने तो पूर्ण केला ती व्यक्ती, आणि ज्या रकमेच्या विम्यावर तो पूर्ण झाला ती रक्कम. जुन्या कंपनीने तिच्या उत्पादनात दिलेल्या सवलती, गुण आणि सोयी तिथेच राहतात. बोनस या दोहोंच्या मधोमध येतो आणि सर्वाधिक गैरसमज त्याच्याविषयी असल्यामुळे सुरुवात तिथूनच करतो.

तुमच्या पॉलिसीत क्लेम नसलेल्या प्रत्येक वर्षाला १० टक्के आणि कमाल ५० टक्के असा बोनस असावा, म्हणून ५ लाखांवर तो २.५ लाखांवर येऊन थांबला आहे. आज तुमचे एकूण संरक्षण ७.५ लाखांचे आहे आणि त्यातील २.५ लाखांसाठी तुम्ही वेगळा हप्ता भरत नाही. नव्या कंपनीत हा बोनस "बोनस" म्हणून जात नाही. पोर्टेबिलिटीची सोय भारतात १ ऑक्टोबर २०११ पासून सुरू झाली, आणि तेव्हापासूनचे तत्त्व असे आहे की तुम्ही मागणी केली तर नव्या कंपनीने जुनी विमा रक्कम अधिक साठलेला बोनस एवढ्या रकमेपर्यंत सातत्य, म्हणजे जुन्या वर्षांचे श्रेय, द्यावे, मात्र हप्ता त्या वाढीव रकमेचा घ्यावा. म्हणजे तुमच्या बाबतीत ७.५ लाखांची पॉलिसी मागायची आणि ७.५ लाखांचा हप्ता भरायचा. नव्या कंपनीकडे ७.५ लाखांचा टप्पाच नसेल तर त्यापुढचा, म्हणजे बहुधा १० लाखांचा टप्पा घ्यावा लागतो. तेव्हा हप्ता १० लाखांचा पडतो, पण जुन्या वर्षांचे श्रेय ७.५ लाखांपुरतेच मिळते.

फुकट मिळालेली रक्कम आता विकत घ्यावी लागते, हे ऐकून अनेकांना वाईट वाटते. त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जुन्या पॉलिसीत क्लेम झाला की बोनस ज्या दराने वाढला त्याच दराने घटतो, त्यामुळे एका मोठ्या आजारपणानंतर पुढच्या वर्षी तुमचे ७.५ लाख ७ लाखांवर येतील. नव्या पॉलिसीत ते ७.५ लाख मूळ विमा रकमेचा भाग झालेले असतात, त्यामुळे क्लेमनंतरच्या नूतनीकरणाला ते कमी होत नाहीत. नव्या कंपनीचा स्वतःचा बोनस मात्र पहिल्या दिवशी शून्यापासून सुरू होतो. पन्नाशीनंतर, हाती एक निदान झालेला आजार असताना, क्लेमने घटणाऱ्या बोनसपेक्षा हप्ता भरून पक्की केलेली विमा रक्कम मला अधिक भरवशाची वाटते.

प्रत्यक्षात चूक होते ती प्रस्ताव अर्जातील एका रकान्यात. तिथे "आधीच्या पॉलिसीची विमा रक्कम" विचारलेली असते, एजंट घाईने ५ लाख लिहितो, आणि बोनसचा रकाना रिकामा ठेवतो किंवा त्यात शून्य घालतो. कंपनीही मग ५ लाखांपुरतेच सातत्य नोंदवते. पॉलिसी १० लाखांचीच हाती येते आणि हप्ताही तितकाच लागतो, त्यामुळे काही गमावले आहे याची कुणाला शंकाही येत नाही. म्हणून त्या रकान्यात "विमा रक्कम ५ लाख, बोनस २.५ लाख, एकूण ७.५ लाखांवर सातत्य हवे" असे लिहून घ्या आणि सोबत बोनसची रक्कम छापलेले शेवटचे शेड्यूल, म्हणजे पॉलिसीचे तपशीलपत्रक, जोडा.

या फरकाचा अर्थ तुमच्याच आकड्यांत पाहू. २० जून २०२६ ला १० लाखांची नवी पॉलिसी सुरू झाली असे धरा. कोणत्याही नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून अन्य आजाराचा क्लेम मिळत नाही. जून-जुलै म्हणजे आपल्याकडे लावणीचे दिवस आणि लेप्टोचेही. समजा, ५ जुलैला तुम्हाला लेप्टो झाला, मूत्रपिंडावर परिणाम झाला आणि अतिदक्षता विभागासह बिल ४ लाखांचे झाले. ७.५ लाखांपुरते तुमचे ३० दिवस २०१८ मध्येच पूर्ण झालेले आहेत, त्यामुळे हा क्लेम पॉलिसीच्या इतर अटींना धरून मिळतो. हीच पॉलिसी एजंटने पोर्ट म्हणून न देता "नवी" म्हणून काढली असेल तर याच आजारात एक रुपयाही मिळणार नाही. कागदावर दोन्ही पॉलिसींची रक्कम सारखी आणि हप्ताही जवळपास सारखा दिसतो, म्हणून हा फरक आधी लक्षात येत नाही.

आता त्याहून मोठे उदाहरण घ्या. पुढच्या वर्षी तुम्हाला बायपास करावी लागली आणि मुंबईत ९ लाखांचे बिल झाले, असे धरू. केसपेपरवर डॉक्टर मधुमेह कधीपासून आहे ते लिहितात आणि कंपनी हृदयविकाराचा संबंध मधुमेहाशी जोडते. असा संबंध जोडला गेला तर पूर्वीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षा काळ लागू होतो. विमा नियामकाच्या १ एप्रिल २०२४ च्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो, त्याआधी ४८ महिने होता. तुमचे ३६ महिने ७.५ लाखांवर पूर्ण झालेले आहेत, म्हणून कंपनी ७.५ लाखांपर्यंत देईल आणि वरचे १.५ लाख तुम्हाला भरावे लागतील. नव्याने वाढवलेल्या २.५ लाखांवर ३६ महिने २० जून २०२६ पासून मोजले जातात. अर्जात बोनस नोंदवायचा राहिला असेल तर त्याच बिलात कंपनी ५ लाख देईल आणि तुमच्या खिशातून ४ लाख जातील. एक रकाना भरण्याचा आणि न भरण्याचा हा २.५ लाखांचा फरक आहे. पूर्वीच्या कोणत्याही आजाराशी संबंध नसलेल्या कारणाने, उदाहरणार्थ सागरी महामार्गावरील अपघाताने, तेवढेच बिल झाले तर मात्र १० लाखांपर्यंतचे पूर्ण संरक्षण पहिल्या दिवसापासून उपलब्ध असते.

मोतीबिंदू, हर्निया, मूतखडा, गुडघेबदल अशा ठरावीक उपचारांसाठी बहुतेक पॉलिसींत २४ महिन्यांचा वेगळा प्रतीक्षा काळ असतो, आणि त्यालाही हेच गणित लागते. नव्या पॉलिसीच्या पीडीएफमध्ये Excl01, Excl02 आणि Excl03 हे शब्द शोधा. पहिल्या कलमात पूर्वीपासूनचे आजार, दुसऱ्यात ठरावीक उपचार आणि तिसऱ्यात ३० दिवसांची अट असते. विमा रक्कम वाढवल्यास वाढीव भागावर प्रतीक्षा काळ नव्याने लागू होतो, हे वाक्य या कलमांत स्पष्ट छापलेले असते.

तुमच्या मधुमेहाविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. तो पॉलिसी घेतल्यानंतर पाच वर्षांनी निघाला, त्यामुळे जुन्या कंपनीच्या दृष्टीने तो पूर्वीपासूनचा आजार नव्हता आणि तिथे त्याला कोणताही प्रतीक्षा काळ लागत नव्हता. नव्या कंपनीच्या दृष्टीने तो प्रस्तावाच्या दिवशी अस्तित्वात असलेला आजार आहे आणि प्रस्ताव अर्जात तो लिहावाच लागतो. "पोर्ट आहे, आजार जुन्या पॉलिसीतच झाला आहे, मग लिहायची गरज नाही," असा सल्ला मी गेल्या वीस-बावीस वर्षांत अनेकांच्या तोंडून ऐकला आहे आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे. प्रतीक्षा काळ संपल्यानंतरचे संरक्षण हे आजार अर्जात जाहीर केला आणि कंपनीने तो स्वीकारला या अटीवरच मिळते. लपवलेल्या आजाराला तुमच्या आठ वर्षांचे श्रेय लागू होत नाही.

इथे काही जण ६० महिन्यांच्या नियमाचा आधार घेतात. सलग ६० महिने विमा चालू राहिल्यावर माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, असा हा नियम आहे. आधी ही मुदत ८ वर्षांची होती. ही मुदतही पोर्टसोबत जाते आणि तुमची ती पूर्ण झाली आहे, पण कंपनीने फसवणूक सिद्ध केली तर तिचा उपयोग नाही. आजार ठाऊक असताना नव्या अर्जावर "नाही" असे लिहून सही करणे आणि पुढे त्या मुदतीवर विसंबणे हा धोका मी कोणालाही पत्करू देणार नाही.

आजार जाहीर केल्यावर कंपनी तीनपैकी एक गोष्ट करते : नेहमीच्या हप्त्यात स्वीकारते, जादा हप्ता लावून स्वीकारते किंवा नाकारते. पोर्टसाठी अर्ज करणे हा तुमचा हक्क आहे, परंतु तो स्वीकारणे नव्या कंपनीवर बंधनकारक नाही, आणि एजंटच्या वाक्यातून नेमकी हीच गोष्ट गळलेली असते. तुम्हाला मधुमेह असल्यामुळे एचबीए१सी, मूत्रपिंडाच्या चाचण्या, ईसीजी अशा तपासण्या सांगितल्या जातील. जादा हप्ता सांगितला गेला तर तो किती टक्के आहे आणि पती-पत्नींपैकी कोणामुळे आहे, हे लेखी घ्या आणि तो धरून दोन्ही कंपन्यांचे हप्ते शेजारी ठेवा. एजंटने दाखवलेला आकडा बहुतेक वेळा निरोगी माणसाचा असतो. तुलना करताना आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या : २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, त्यामुळे गेल्या वर्षीच्या पावतीवरील १८ टक्के करासह असलेला आकडा आणि यंदाचा नवा आकडा थेट ताडून पाहू नका.

तुमच्या पत्नींचा हिशेब पूर्णपणे वेगळा आहे. फ्लोटर पॉलिसी एक असली तरी प्रतीक्षा काळ प्रत्येक व्यक्तीचा स्वतंत्र मोजला जातो. २० जून २०२६ ला त्यांचे २४ महिने पूर्ण होतील. ठरावीक उपचारांची २४ महिन्यांची अट त्यामुळे संपेल, परंतु रक्तदाबासाठी नव्या पॉलिसीत ३६ महिने असतील तर त्यांना आणखी १२ महिने, म्हणजे जून २०२७ पर्यंत थांबावे लागेल. ६० महिन्यांच्या मुदतीतलेही ३६ महिने अजून बाकी राहतील. जुन्या कंपनीचा प्रतीक्षा काळ २४ महिन्यांचाच असेल आणि तो तिथे संपत आला असेल, तर नव्या कंपनीची अट जास्त लांबीची असल्यामुळे फरकाचे महिने पोर्ट केल्यावर पुन्हा भोगावे लागतात. म्हणून जुन्या पॉलिसीची अट आधी वाचा. जुन्या कंपनीत रक्तदाबाशी संबंधित क्लेम या जूनपासून मिळणार असेल आणि नव्या कंपनीत तो वर्षभर मिळणार नसेल, तर हप्त्यात वाचणाऱ्या पैशांशी याची तुलना तुम्ही दोघांनी बसून करायला हवी.

जे पूर्णपणे मागे राहते त्याविषयी थोडक्यात सांगतो. जुन्या कंपनीने दिलेली निष्ठा सवलत, चालण्या-व्यायामाबद्दल मिळालेले गुण, क्लेम नसलेल्या वर्षांबद्दल मिळणारी मोफत तपासणी, रक्कम संपल्यावर पुन्हा भरून मिळण्याची सोय, यांपैकी काहीही पोर्ट होत नाही. नव्या पॉलिसीत अशा सोयी असल्या तर त्या तिच्या स्वतःच्या अटींवर असतात. सर्वांत मोठी गोष्ट अशी की जुन्या पॉलिसीची शब्दरचनाच मागे राहते. तुमच्या जुन्या पॉलिसीत खोलीभाड्याला मर्यादा नसेल आणि नवीत विमा रकमेच्या १ टक्का अशी मर्यादा असेल, तर ती मर्यादा तुम्हाला पहिल्या दिवसापासून लागू होते आणि जुनी अट पोर्ट करता येत नाही. एकदा सोडलेल्या कंपनीत परत जायचे झाले तर तिथेही पुन्हा पोर्टचाच अर्ज करावा लागतो, वाढलेल्या वयाने आणि तोपर्यंतच्या आजारांसह.

आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांनी यातली एक अट विशेष काळजीने पाहावी. अनेक कंपन्या शहरांचे विभाग पाडतात आणि गुहागर, देवगड किंवा वेंगुर्ल्याच्या पत्त्यावर हप्ता कमी लावतात. नवी पॉलिसी स्वस्त दिसण्याचे कारण पुष्कळदा हेच असते. परंतु त्याच पॉलिसीत वरच्या विभागातल्या शहरात उपचार घेतल्यास बिलाचा काही टक्के भाग रुग्णाने सोसावा, अशी अट असू शकते. आपल्याकडे मोठे ऑपरेशन निघाले की लोक मुंबई गाठतात, दक्षिणेकडचे कोल्हापूर किंवा गोवा गाठतात. ही अट २० टक्क्यांची असेल तर वरच्या उदाहरणातल्या बायपासमध्ये मुंबईच्या बिलावर हप्त्याच्या कित्येक वर्षांच्या बचतीइतकी रक्कम एका दिवसात निघून जाईल. जादा हप्ता भरून ही अट काढता येत असेल तर काढून घ्या. नव्या कंपनीची कॅशलेस हॉस्पिटलांची यादीही चिपळूण, रत्नागिरी आणि तुम्ही मुंबईत जिथे खरोखर जाल त्या हॉस्पिटलच्या नावाने तपासा. नुसती देशभरातली संख्या पाहून तुम्हाला काही कळणार नाही.

आता तारखा पाहू. पॉलिसींच्या अटींत पोर्टसाठी अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी आणि ६० दिवसांहून आधी नाही, असे छापलेले असते. २० जूनपासून मागे मोजले तर तुमची खिडकी २१ एप्रिल ते ६ मे अशी येते. आंब्याच्या ऐन धांदलीत ही तारीख सहज हुकते, म्हणून आताच दिनदर्शिकेवर नोंद करा. काही कंपन्या उशिरा आलेला अर्जही घेतात, पण त्यावर विसंबू नये, कारण तपासण्यांत वेळ गेला तर तुमच्या हाती काहीच उरत नाही. अर्ज नव्या कंपनीकडे करायचा असतो, त्यासाठी जुन्या कंपनीच्या परवानगीची गरज नसते आणि पोर्टसाठी वेगळे शुल्कही नसते. नवी कंपनी विमा माहिती ब्युरोच्या पोर्टलवरून तुमची जुनी माहिती मागवते. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार जुन्या कंपनीने ती ७२ तासांत द्यायची असते आणि ती मिळाल्यावर नव्या कंपनीने ५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो.

असे असले तरी सर्व वर्षांची शेड्यूल तुमच्याजवळ असलेली बरी. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात अनेकांच्या कपाटांतली पॉलिसींची कागदपत्रे चिखलात गेली, आणि त्यानंतर पोर्ट करताना २०१५-१६ पासूनचे सातत्य दाखवायला त्यांच्याकडे काही उरले नव्हते. जुन्या कंपनीला ईमेल करून पहिल्या वर्षापासूनच्या प्रती आणि क्लेमचा इतिहास पीडीएफमध्ये मागवा आणि मुलांच्या ईमेलवरही ठेवा.

नव्या कंपनीची लेखी स्वीकृती हाती येईपर्यंत जुनी पॉलिसी कोणत्याही कारणाने सोडू नका. १५ जूनपर्यंत उत्तर आले नाही तर दोन मार्ग आहेत. जुन्या कंपनीकडे थोड्या मुदतीची वाढ प्रमाणशीर हप्त्यात देता का, असे लेखी विचारा, आणि ती मिळत नसेल तर सरळ वर्षभराचे नूतनीकरण करून पोर्टचा विचार पुढच्या वर्षावर टाका. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलतीची मुदत असते, पण ती पोर्टचा निर्णय लांबवण्यासाठी वापरू नये. तिच्या शेवटी नव्या कंपनीने नकार दिला आणि जुना हप्ता भरायचा राहिला, तर आठ वर्षांचे सातत्य संपते आणि मधुमेह असलेल्या ५२ वर्षांच्या माणसाला पुन्हा शून्यापासून उभे राहावे लागते. पोर्टचा अर्ज नाकारला गेला म्हणून जुनी कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही, त्यामुळे अर्ज करून पाहण्यात तुमची जुनी जागा जात नाही. एवढेच लक्षात ठेवा की पुढे कोणत्याही कंपनीच्या अर्जात "पूर्वी प्रस्ताव नाकारला गेला आहे का" असे विचारले जाते आणि त्याचे उत्तर खरे द्यावे लागते. म्हणून एकाच वेळी चार कंपन्यांकडे अर्ज टाकू नका.

तुमच्या बाबतीत माझे मत असे आहे. ७.५ लाखांवर सातत्य, मधुमेहाची लेखी स्वीकृती आणि मुंबईतील उपचारांवर कपात नसणे, या तिन्ही गोष्टी मिळून नवा हप्ता जुन्यापेक्षा स्पष्टपणे कमी राहत असेल तर पोर्ट करावे. त्यांपैकी एक जरी मिळत नसेल तर केवळ यंदाच्या वाढीकडे पाहून कंपनी सोडू नये, कारण वयाचा टप्पा बदलला की नवी कंपनीही हप्ता वाढवतेच. जुन्याच कंपनीत दुसऱ्या, स्वस्त पॉलिसीत जाण्याची सोयही असते. तिला मायग्रेशन म्हणतात आणि तिथेही पूर्ण केलेल्या प्रतीक्षा काळाचे श्रेय मिळते. नव्या कंपनीकडे जाण्यापूर्वी जुन्या कंपनीच्या शाखेत हे एकदा विचारून घ्या.

पोर्ट झालेच, तर पॉलिसी हाती आल्याच्या दिवशी शेड्यूल उघडा आणि सातत्याचा तक्ता शोधा. त्यात प्रत्येक व्यक्तीपुढे आधीच्या कंपनीचे नाव, जुना पॉलिसी क्रमांक, पहिल्या विम्याची तारीख आणि सातत्याची रक्कम असायला हवी. तुमच्यापुढे जून २०१८, तुमच्या पत्नींपुढे जून २०२४ आणि रकमेच्या रकान्यात ७.५ लाख असे दिसले पाहिजे. मधुमेह आणि रक्तदाब जाहीर आजार म्हणून छापलेले आहेत का, तेही पाहा. माझ्याकडच्या दापोलीच्या एका बागायतदाराच्या शेड्यूलमध्ये पाच वर्षांचे सातत्य असूनही पहिल्या विम्याच्या तारखेच्या जागी नव्या पॉलिसीचीच तारीख छापली गेली होती, आणि मीही तेव्हा फक्त रक्कम आणि नावे पाहून कागद त्यांच्या हाती दिला. चौदा महिन्यांनी त्यांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले आणि २४ महिने पूर्ण नाहीत या कारणाने क्लेम नाकारला गेला. जुनी पाच शेड्यूल, पोर्टचा अर्ज आणि कंपनीची स्वीकृती जोडून तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे पत्र दिल्यावर रक्कम मिळाली, पण तोवर पाच आठवडे गेले आणि हॉस्पिटलचे पैसे त्यांना उसने आणावे लागले होते. तेव्हापासून मी तो तक्ता बोट ठेवून वाचल्याशिवाय पॉलिसी कोणाला देत नाही.

नव्या पॉलिसीसाठी असणारी ३० दिवसांची परतीची मुदत पोर्ट केलेल्या पॉलिसीला लागू नाही, असे बहुतेक पॉलिसींच्या अटींत लिहिलेले असते. त्यामुळे चूक आढळली तर "नंतर पॉलिसी परत करू" हा मार्ग धरू नका. त्याच दिवशी कंपनीला ईमेल करून दुरुस्तीचे एंडोर्समेंट मागा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. कंपनीने दाद दिली नाही तर bimabharosa.irdai.gov.in या संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.